कोअर स्विच बदलण्याची रात्रीची चेंज रिक्वेस्ट : टप्पे, निर्णयाची वेळ आणि बॅक-आऊट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर नेमक्या कोणत्या बदलाचा विचार केला आहे?

नेटवर्कमध्ये दोन कोअर स्विच आहेत. त्यांना येथे कोअर-१ आणि कोअर-२ म्हटले आहे. कोअर-१ जुना झाल्यामुळे तो काढून त्या जागी नव्या मॉडेलचा स्विच बसवायचा आहे, तर कोअर-२ आहे तसाच राहणार आहे. चौदा ॲक्सेस स्विचपैकी प्रत्येकाची एक लिंक कोअर-१ कडे आणि एक कोअर-२ कडे जाते. दोन्ही कोअर एकमेकांना दोन केबलच्या एलएसीपी बंडलने जोडलेले आहेत. व्हीलॅनचे गेटवे एचएसआरपीने दोघांत वाटलेले असून सर्व व्हीलॅनसाठी कोअर-१ ॲक्टिव्ह आणि कोअर-२ स्टँडबाय आहे. बाहेर जाणाऱ्या राऊटरशी दोघेही ओएसपीएफने बोलतात.

कोअर-१ वर एकूण २३ केबल आहेत : चौदा ॲक्सेस स्विचच्या, दोन कोअर-२ कडे जाणाऱ्या, चार सर्व्हरच्या, एक फायरवॉलची, एक राऊटरची आणि एक मॅनेजमेंटची. विंडो रात्री १२:०० ते पहाटे ४:०० अशी आहे. कमांड सिस्कोच्या आयओएस धर्तीच्या दिल्या आहेत. दुसऱ्या उत्पादकाच्या स्विचवर शब्द बदलतील, पण क्रम बदलण्याचे कारण नाही.

दुसरा कोअर चालू राहणार असेल, तर रात्रीची विंडो मागायचीच कशाला?

कारण २३ केबलपैकी प्रत्येक केबलला जोडीदार असतोच असे नाही. वर सांगितलेले चार सर्व्हर फक्त कोअर-१ ला जोडलेले आहेत, म्हणजे तो स्विच बंद होताच ते नेटवर्कवरून जातात, मग कोअर-२ कितीही सुस्थितीत असो. चेंज रिक्वेस्टच्या परिणामाच्या रकान्यात “सेवेवर परिणाम अपेक्षित नाही” असे लिहून मोकळे होण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. या चार सर्व्हरच्या बाबतीत ते विधान खोटे ठरेल. प्रत्येक पोर्ट तपासून, ज्याची दुसरी वाट नाही अशा उपकरणांची यादी करावी आणि त्यांच्या मालकांना “रात्री १२:३० ते सुमारे १:४५ हा सर्व्हर पोहोचणार नाही” असे वेळेसह लेखी कळवावे. शक्य असल्यास त्या सर्व्हरची दुसरी केबल आदल्या आठवड्यातच कोअर-२ कडे ओढून घ्यावी, परंतु ते काम वेगळ्या रिक्वेस्टमध्ये करावे. एकाच रात्री दोन बदल केले आणि काही बिघडले, तर दोष कोणत्या बदलाचा हे शोधण्यातच विंडो संपते.

चेंज रिक्वेस्टमध्ये बॅक-आऊट आधी लिहावा असे का म्हटले जाते?

कारण बाकीच्या वेळापत्रकाला किती वेळ मिळणार हे बॅक-आऊटच ठरवतो. बहुतेक रिक्वेस्टमध्ये तो शेवटच्या रकान्यात एका ओळीत असतो, “अडचण आल्यास जुना स्विच पुन्हा जोडावा”. हे वाक्य योग्यच आहे. पण जुना स्विच पुन्हा जोडायला किती वेळ लागतो आणि त्यामुळे जोडायचा की नाही हे किती वाजेपर्यंत ठरवले पाहिजे, याचे उत्तर त्यात नाही.

आपल्या उदाहरणात हिशेब असा होतो. नव्या स्विचमधून २३ केबल काढून लेबल पाहत जुन्यात लावायला दोन माणसांना २० मिनिटे लागतात, आणि हा आकडा अंदाजाने न लिहिता दिवसा एखाद्या रिकाम्या रॅकवर घड्याळ लावून मोजलेला असावा. जुना स्विच काही कारणाने बंद पडलेला असेल तर तो पूर्ण सुरू होण्यासाठी १० मिनिटे धरली आहेत. सर्व तपासण्या पुन्हा करायला २० मिनिटे लागतात. याखेरीज एखादी केबल चुकीच्या पोर्टात गेली, एखादे मॉड्यूल नीट बसले नाही, अशा गोष्टींसाठी २० मिनिटे राखून ठेवावीत. एकूण ७० मिनिटे होतात. विंडो ४:०० वाजता संपते, म्हणून निर्णयाची वेळ २:५० ठरते.

२:५० वाजता ठरलेल्या तपासण्यांपैकी एकही अपयशी असेल, तर बॅक-आऊट सुरू होतो. “दहा मिनिटांत सापडेल” हे वाक्य त्या वेळी हमखास ऐकू येते, आणि ते म्हणणारा माणूस मनापासून म्हणत असतो. म्हणूनच निर्णय कीबोर्डवर बसलेल्या अभियंत्याकडे ठेवू नये. कॉलवर असलेला, हातात कोणतीही केबल नसलेला एक चेंज समन्वयक असावा, रिक्वेस्टमध्ये त्याचे नाव लिहावे आणि २:५० वाजता त्याने फक्त एवढेच विचारावे की यादीतील सर्व तपासण्या उत्तीर्ण आहेत का.

मागे फिरण्याची एकच वेळ असते का?

नाही. या बदलात मागे फिरण्याचे दोन प्रसंग आहेत आणि दोन्ही रिक्वेस्टमध्ये वेगळे लिहावेत. पहिला १२:३० ला येतो. तोपर्यंत सर्व वाहतूक कोअर-२ वर गेलेली असते, पण एकही केबल हललेली नसते. येथे मागे फिरणे म्हणजे चार-पाच कमांड उलट देणे, आणि ते पाच मिनिटांत होते. दुसरा प्रसंग २:५० चा, ज्यात केबल परत लावायच्या आहेत.

याशिवाय एक तिसरी स्थिती असते, जिचा विचार फारसा कोणी करत नाही. समजा नवा स्विच चालत नाही आणि जुनाही परत उभा राहत नाही. अशा वेळी सकाळ कोअर-२ एकट्यावर काढायची का? वापरकर्त्यांचे काम चालेल, पण चार सर्व्हर बंद राहतील आणि कोअर-२ ला काही झाले तर सर्वच थांबेल. या स्थितीला आधीच मंजुरी असेल, आणि चार सर्व्हरच्या केबल कोअर-२ च्या कोणत्या रिकाम्या पोर्टवर न्यायच्या हे लिहिलेले असेल, तर पहाटे साडेतीन वाजता कोणाला फोन करून झोपेतून उठवावे लागत नाही.

विंडोपूर्वी दिवसा काय करून ठेवावे?

नवा स्विच किमान तीन-चार दिवस आधी टेबलावर सुरू करून ठेवावा. आवृत्ती ठरल्याप्रमाणे आहे का, लायसन्स लागू झाले आहे का, दोन्ही पॉवर सप्लाय चालतात का आणि पंख्यांची हवा रॅकच्या दिशेशी जुळते का, हे तेथेच कळते. पॉवर केबलचा प्लग नव्या मॉडेलला बदललेला असू शकतो. तो रात्री लक्षात आला तर काम तेथेच थांबते, म्हणून जी केबल रात्री वापरायची तीच लावून पाहावी.

ऑप्टिकल मॉड्यूल हा दुसरा सापळा आहे. जुन्या स्विचमधली मॉड्यूल नव्या स्विचने ओळखली नाहीत तर पोर्ट `err-disabled` होतो. प्रत्येक प्रकारचे किमान एक मॉड्यूल नव्या स्विचमध्ये घालून `show interfaces status` मध्ये ते दिसते का हे पाहावे आणि काही सुटी मॉड्यूल सोबत ठेवावीत.

तिसरी गोष्ट व्हीटीपीची. नवा स्विच आधी प्रयोगशाळेत वापरला गेला असेल, त्याचे व्हीटीपी डोमेन आपल्यासारखेच असेल आणि त्याचा रिव्हिजन क्रमांक आपल्या नेटवर्कपेक्षा मोठा असेल, तर तो जोडताक्षणी त्याची व्हीलॅन यादी इतर स्विचवर पसरते आणि आपले व्हीलॅन पुसले जातात. अशा रात्री कोअर-१ ला बॅक-आऊट करूनही काही उपयोग नसतो, कारण नुकसान ॲक्सेस स्विचवर झालेले असते. नवा स्विच `vtp mode transparent` मध्ये आणून `show vtp status` मध्ये रिव्हिजन शून्य दिसल्याची नोंद रिक्वेस्टला जोडावी.

कॉन्फिगरेशन किती आधी उतरवून घ्यावे?

उतरवून घ्यायला हरकत नाही, पण त्यानंतर जुन्या स्विचवर एकही बदल होऊ न देणे हे जास्त महत्त्वाचे आहे. कॉन्फिगरेशनची प्रत घेतल्याच्या दिवसापासून विंडोपर्यंत कोअर-१ वर बदलबंदी असावी, आणि तरीही रात्री ११:०० वाजता पुन्हा एकदा `show running-config` घेऊन ती प्रत नव्या स्विचच्या कॉन्फिगरेशनशी ओळीने ओळ ताडून पाहावी. मॉडेल वेगळे असल्यामुळे इंटरफेसची नावे बदलतील, त्यामुळे फाईलची सरळ तुलना उपयोगी पडत नाही. व्हीलॅन, एसव्हीआय, ट्रंकवर परवानगी असलेले व्हीलॅन, `ip helper-address`, ॲक्सेस लिस्ट, स्टॅटिक रूट असे विभाग करून ताडावे. यांतली एखादी ओळ सुटली तर काय होते, याचे एक पूर्ण उदाहरण पुढे दिले आहे.

“आधीची स्थिती” म्हणून काय काय जतन करावे?

११:०० ते १२:०० या तासात सेवेला हात न लावता खालील माहिती फाईलमध्ये घ्यावी. हीच माहिती नंतर तपासणीचा मापदंड ठरते, म्हणून दोन्ही कोअरवर घ्यावी.

```
show standby brief
show spanning-tree root
show etherchannel summary
show interfaces trunk
show interfaces status
show ip ospf neighbor
show ip route summary
show cdp neighbors
```

त्याच वेळी दहा-बारा महत्त्वाच्या पत्त्यांवर सतत पिंग लावून ठेवावा. त्यात चार सर्व्हर, फायरवॉल, प्रत्येक व्हीलॅनमधले एक यंत्र आणि बाहेरचा एक पत्ता असावा. एखादे यंत्र बदलाआधीच बंद होते, हे या एका तासात लक्षात आले नाही तर पहाटे त्याचा दोष नव्या स्विचवर येतो.

वाहतूक कोअर-१ वरून कोअर-२ वर नेमकी कशी हलवावी?

१२:०० ते १२:२० या वीस मिनिटांत तीन गोष्टी हलवाव्या लागतात : व्हीलॅनचा गेटवे, स्पॅनिंग ट्रीचा रूट आणि राऊटरकडून येणारी वाट. याच वीस मिनिटांत फायरवॉलची जोडीही कोअर-२ ला जोडलेल्या युनिटवर फिरवून घ्यावी.

गेटवेसाठी कोअर-१ वर प्रत्येक व्हीलॅनची प्राधान्यसंख्या उतरवावी. आपल्या नेटवर्कमध्ये कोअर-१ वर ११० आणि कोअर-२ वर १०० आहे, म्हणून कोअर-१ वर ९० करावी.

```
interface Vlan10
 standby 10 priority 90
```

येथे अनेकांची फसगत होते. कोअर-२ वर `standby 10 preempt` लिहिलेले नसेल, तर त्याची संख्या मोठी असूनही तो गेटवे हिसकावून घेत नाही आणि कमांड देऊन काहीच घडत नाही. मग काही जण वैतागून कोअर-१ वरचा इंटरफेसच बंद करतात. एचएसआरपीचा पूर्वनियोजित होल्ड टाइम १० सेकंदांचा आहे, म्हणजे एरवी क्षणात होणारी गोष्ट दहा सेकंदांपर्यंतचा खंड बनते. म्हणून कोअर-२ वर प्रिएम्प्ट आहे ना, हे आठवडाभर आधीच पाहावे.

स्पॅनिंग ट्रीसाठी कोअर-१ ला हात लावू नये. तेथे रूटची संख्या २४५७६ आहे आणि कोअर-२ वर २८६७२. कोअर-२ वरच ती २०४८० केली की रूट तिकडे जातो आणि कोअर-१ चे मूळ कॉन्फिगरेशन तसेच राहते.

```
spanning-tree vlan 10,20,30,40 priority 20480
```

ओएसपीएफसाठी कोअर-१ वर पुढील ओळ द्यावी.

```
router ospf 1
 max-metric router-lsa include-stub
```

शेवटचा `include-stub` वगळला तर राऊटर कोअर-१ ला मधली वाट म्हणून टाळतो, पण ज्या व्हीलॅनचे इंटरफेस ओएसपीएफमध्ये पॅसिव्ह आहेत, त्यांच्याकडे जाणारी परतीची वाहतूक मात्र कोअर-१ वरूनच येत राहू शकते. स्विचच्या केबल काढल्यावर ती वाहतूक थोड्या वेळाने दुसरीकडे वळतेच, पण मधल्या सेकंदांचा खंड उगाचच पडतो.

१२:२० ते १२:३० फक्त निरीक्षण करावे. इंटरफेसवर दिसणारा वाहतुकीचा दर पूर्वनियोजित असताना पाच मिनिटांची सरासरी असतो, त्यामुळे कमांड दिल्याबरोबर आकडा उतरत नाही. अशा वेळी घाई न करता दहा मिनिटे थांबावे. `show standby brief` मध्ये कोअर-२ सर्व व्हीलॅनसाठी `Active` दिसला, कोअर-१ च्या लिंकवरचा दर जवळपास शून्यावर आला आणि चार सर्व्हरखेरीज कोणताही पिंग कोअर-१ वर अवलंबून उरला नाही, तरच पुढे जावे. ही अट पूर्ण न झाल्यास येथूनच मागे फिरावे. कोअर-२ ला एकट्याने भार पेलवत नसेल तर ते केबल काढण्याआधी समजणे केव्हाही बरे.

वर दिलेले बदल कोअर-१ वर जतन करावेत का?

नाही, आणि यामागे विचार आहे. ९० ही संख्या फक्त चालू कॉन्फिगरेशनमध्ये असते, तर जतन केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये ११० च राहते. जुन्या स्विचमध्ये मूळ स्थिती शाबूत आहे, याची ती हमी आहे. पण यामुळे एक धोकाही उद्भवतो, ज्याची नोंद बॅक-आऊटच्या टप्प्यांत असलीच पाहिजे. मधल्या काळात कोणी त्या स्विचची वीज काढली तर पुन्हा सुरू होताना तो ११० घेऊन उठेल, आणि केबल लावत असतानाच गेटवे हिसकावून घेईल.

म्हणून जुना स्विच रॅकमधून काढू नये आणि बंदही करू नये. नवा स्विच त्याच्या वरच्या रिकाम्या जागेत बसवावा, केबल नव्याकडे न्याव्यात आणि जुना मोकळ्या पोर्टनिशी पण विजेवर चालू राहू द्यावा. रॅकमध्ये जागा नसेल तर जुना काढावाच लागतो. मग बॅक-आऊटला तो पुन्हा बसवून सुरू करण्याचा वेळ वाढतो आणि २:५० ऐवजी निर्णयाची वेळ त्या मानाने अलीकडे आणावी लागते.

केबलच्या लेबलांवर काय लिहावे?

जुना पोर्ट, नवा पोर्ट आणि दुसऱ्या टोकाचे उपकरण, या तीन गोष्टी. लेबल स्विचकडच्या टोकाला, प्लगपासून वीतभर अंतरावर लावावे, म्हणजे केबल लावल्यावरही ते वाचता येते. एका कामात आमच्याकडे सर्व लेबल नीट छापली होती, पण ती पॅच पॅनेलच्या टोकाला चिकटवलेली होती, आणि रात्री एक जण रॅकच्या मागे टॉर्च धरून आकडे मोठ्याने वाचत राहिला. त्या वाचनातच अर्धा तास गेला.

नव्या स्विचला केबल कोणत्या क्रमाने लावाव्यात?

१२:३० ते १२:५० जुन्यातून केबल सोडवणे आणि १२:५० ते १:२० नवा स्विच बसवून सुरू करणे, असे वेळापत्रक आहे. नवा स्विच कोणतीही डेटा केबल नसताना सुरू करावा, कन्सोलवरून त्याच्याकडे पाहावे आणि त्यावरही सुरुवातीला एचएसआरपीची संख्या ९०, स्पॅनिंग ट्रीची संख्या कोअर-२ च्या २०४८० पेक्षा मोठी आणि ओएसपीएफमध्ये तीच `max-metric` ओळ असावी. नवा स्विच नेटवर्कमध्ये पाहुण्यासारखा शिरला पाहिजे. आल्याआल्या त्याने यजमानपद घेतले तर सर्व व्हीलॅनचा मार्ग एकाच क्षणी बदलेल आणि चूक असलीच तर तिचा फटका सर्वांना बसेल.

१:२० ला कोअर-२ कडे जाणारी लिंक लावावी, आणि दोन्ही केबल एकदम न लावता आधी एकच लावावी. `show etherchannel summary` मध्ये बंडल सुरू झाले, `show interfaces trunk` मध्ये सर्व व्हीलॅन दिसले की दुसरी केबल लावावी. त्यानंतर १:३० ला दोनच ॲक्सेस स्विच जोडावेत आणि पाच मिनिटे पाहावे. सर्व ठीक असेल तर उरलेले बारा आणि चार सर्व्हर १:४५ पर्यंत जोडावेत. फायरवॉल आणि राऊटर सर्वांत शेवटी, १:५० ते २:०० या दरम्यान. २:१० ला प्राधान्यसंख्या ११० करून आणि `max-metric` काढून गेटवे नव्या कोअर-१ वर आणावा. कोअर-२ ची संख्या पुन्हा २८६७२ करून आणि नव्या कोअर-१ वर २४५७६ देऊन रूटही त्याच्याकडे न्यावा. २:५० पर्यंत त्याला खरा भार वाहू द्यावा. वाहतूक परत आणणे दुसऱ्या रात्रीवर ढकलावे असे काहींचे मत असते. माझ्या मते ज्या विंडोत जुना स्विच शेजारी चालू स्थितीत आहे, त्याच विंडोत नव्याची परीक्षा घेतलेली बरी.

काही बिघडले आहे हे कसे ओळखावे? एखादे उदाहरण द्याल का?

पुढील उदाहरण या रचनेत सहज घडू शकेल असे आहे. व्हीलॅन ४० हे सर्व्हरचे व्हीलॅन आहे. ते ॲक्सेस स्विचवर जात नाही, केवळ दोन कोअर आणि त्यांना जोडलेल्या सर्व्हरपुरतेच आहे. नव्या स्विचचे कॉन्फिगरेशन तीन आठवड्यांपूर्वी तयार केले, त्यानंतर बदलबंदी नसल्यामुळे कोणीतरी जुन्या कोअरवर व्हीलॅन ४० वाढवले. हे लक्षात आल्यावर नव्या स्विचवर ते व्हीलॅन, त्याचा एसव्हीआय आणि सर्व्हरचे पोर्ट हाताने वाढवले, पण कोअर-२ कडे जाणाऱ्या ट्रंकच्या यादीत ४० घालायचे राहिले.

१:४५ ला सर्व्हर जोडले. सर्व्हरच्या पोर्टवर हिरवा दिवा आहे. नव्या कोअर-१ च्या कन्सोलवरून सर्व्हरला पिंग केला तर उत्तर येते. तरी वापरकर्त्यांच्या बाजूने लावलेल्या पिंगमध्ये चारही सर्व्हर गायबच आहेत. “स्विचवरून पोहोचतो, म्हणजे आपल्या बाजूने ठीक आहे” असे म्हणून सर्व्हरच्या टीमला फोन लावण्याचा मोह येथे होतो.

दोन्ही कोअरवर `show standby brief` पाहावे. व्हीलॅन १०, २० आणि ३० साठी कोअर-२ `Active` आणि कोअर-१ `Standby` दिसतो, जे अपेक्षित आहे. व्हीलॅन ४० साठी मात्र दोघेही स्वतःला `Active` म्हणवतात आणि जोडीदाराच्या रकान्यात `unknown` दिसते. ९० संख्या असलेला स्विच ॲक्टिव्ह होतो याचा अर्थ त्याला दुसऱ्याचे हॅलो संदेश ऐकूच येत नाहीत. बाकीच्या व्हीलॅनमध्ये ते ऐकू येतात, म्हणून केबलचा दोष नाही. एवढ्यावरून नजर ट्रंकच्या यादीकडे जाते आणि तेथे ४० नाही हे दिसते. वापरकर्त्यांचा गेटवे अजून कोअर-२ आहे, त्याला व्हीलॅन ४० आपल्याच दाराशी आहे असे वाटते, तो सर्व्हरचा पत्ता विचारत राहतो, आणि तो प्रश्न ट्रंक ओलांडून कोअर-१ कडे कधीच पोहोचत नाही.

उपाय एका ओळीचा आहे, पण ती ओळ जपून लिहावी.

```
interface Port-channel1
 switchport trunk allowed vlan add 40
```

यात `add` राहिले तर यादीत भर पडण्याऐवजी संपूर्ण यादी पुसली जाऊन फक्त ४० उरते, आणि एका व्हीलॅनचा प्रश्न सोडवताना बाकीची सर्व तुटतात.

ओएसपीएफचा शेजारी दिसतो, पण रूट येत नाहीत. याचा अर्थ काय?

`show ip ospf neighbor` मध्ये स्थिती `EXSTART` किंवा `EXCHANGE` वर अडकलेली असेल, तर दोन टोकांचा एमटीयू बहुधा वेगळा आहे. नव्या मॉडेलवर तो बदललेला असू शकतो, किंवा जुन्यावर कोणीतरी मोठा ठेवलेला आणि कॉन्फिगरेशन उतरवताना ती ओळ गळालेली असू शकते. दोन्ही टोके सारखी करावीत. `ip ospf mtu-ignore` देऊन शेजार जुळवता येतो, पण मोठी पॅकेट गळण्याचा दोष त्याखाली लपून राहतो, म्हणून विंडोत तो उपाय घेऊ नये.

नव्या स्विचचा मॅक पत्ता वेगळा असल्याने यंत्रांच्या एआरपी नोंदी चुकतील का?

गेटवेच्या बाबतीत नाही. एचएसआरपीचा मॅक पत्ता आभासी असतो, पहिल्या आवृत्तीत `0000.0c07.ac` आणि त्यापुढे गटाचा क्रमांक असा तो बनतो. गटाचा क्रमांक आणि आवृत्ती तीच ठेवली तर यंत्रांना काही कळतही नाही. आवृत्ती एक आणि दोन एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून नव्या स्विचवर ती बदलण्याचा उत्साह टाळावा. अडचण येते ती एखाद्या उपकरणाने कोअर-१ चा स्वतःचा पत्ता गेटवे म्हणून धरला असेल तर. अशा उपकरणाची जुनी एआरपी नोंद टिकून राहू शकते आणि ती हाताने पुसावी लागते.

२:५० ला बॅक-आऊट ठरला, तर टप्पे कोणते?

सर्वप्रथम वाहतूक पुन्हा कोअर-२ वर न्यावी, म्हणजे नव्या स्विचवर संख्या ९०, `max-metric` परत, कोअर-२ वर २०४८०, आणि फायरवॉल कोअर-२ कडच्या युनिटवर. नवा स्विच प्रतिसादच देत नसेल तर हा टप्पा वगळून थेट केबल काढाव्यात. त्याआधी त्याचे लॉग आणि `show tech-support` कन्सोलवरून पाच मिनिटांत घेता आले तर घ्यावेत, अन्यथा सोडून द्यावेत.

पुढे केबलला हात लावण्यापूर्वी जुन्या स्विचच्या कन्सोलवर जाऊन संख्या अजून ९० आहे हे पाहावे. तो मध्ये बंद होऊन सुरू झालेला असेल तर ९० पुन्हा द्यावी. मग नव्यातून केबल काढून जुन्यात लावाव्यात, आणि क्रम तोच : आधी दोन कोअरमधील लिंक, मग ॲक्सेस स्विच आणि सर्व्हर, शेवटी फायरवॉल व राऊटर. सर्व जोडल्यावर ११:०० वाजता घेतलेल्या माहितीशी ताडून पाहावे. जुळले तर कोअर-१ वर ११० परत द्यावे, `max-metric` काढावे आणि कोअर-२ ची संख्या २८६७२ करावी. यानंतर जुन्या स्विचचे चालू आणि जतन केलेले कॉन्फिगरेशन पुन्हा एकसारखे असायला हवे. ते एकसारखे नसेल तर मधल्या कोणत्या तरी कमांडची उलट कमांड द्यायची राहिली आहे.

नवा स्विच रॅकमध्ये राहू द्यावा, पण बंद करून आणि सर्व डेटा केबल बाहेर काढून.

२:५० ला सर्व तपासण्या उत्तीर्ण झाल्या. आता काय?

नव्या स्विचवर `copy running-config startup-config` द्यावे. ही पायरी इतकी साधी आहे की ती वेळापत्रकात लिहिलेली नसते, आणि पुढच्या वीजखंडानंतर स्विच अर्धवट कॉन्फिगरेशनने उठतो तेव्हा तिची आठवण होते. कोअर-२ चेही कॉन्फिगरेशन जतन करावे, मात्र त्याआधी त्यावरची स्पॅनिंग ट्रीची संख्या २८६७२ वर परत आली आहे ना हे पाहावे.

जुना स्विच केव्हा काढावा?

किमान एक पूर्ण कामाचा आठवडा, आणि महिनाअखेरीस ज्यांचा भार वाढतो अशा प्रणाली असतील तर एक महिनाअखेर पार पडेपर्यंत तो रॅकमध्ये ठेवावा. यशस्वी विंडोनंतर तो बंद करावा, पण बंद करण्यापूर्वी त्यावर संख्या ९० करून या वेळी मात्र जतन करावी, म्हणजे नंतर कोणी अनवधानाने त्याला वीज आणि केबल दिली तरी तो गेटवे हिसकावणार नाही. त्याच्या समोरच्या पट्टीवर “वापरात नाही, केबल लावू नये” अशी तारखेसह चिठ्ठी लावावी आणि तो काढण्यासाठी वेगळी रिक्वेस्ट उघडून ठेवावी.